परदेशी गेलेल्या पिशव्यांचा कर परत कसा मिळवायचा?

आम्ही तिघी तालुक्यातल्या बचत गटांच्या हिशेबाच्या वह्या बघतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे एक नवाच प्रश्न यायला लागलाय. एखाद्या गटाच्या पिशव्या, गोधड्या, मसाले परदेशातल्या कुणाला तरी आवडतात, मागणी येते, माल जातो, पैसेही येतात. मग कुणीतरी सांगतं, "अगं, निर्यातीवर जीएसटी नसतो, भरलेला कर परत मिळतो." गट खूश होतो. पण परत मिळतो म्हणजे कुणी घरी आणून देत नाही, तो मागावा लागतो. आणि मागायची तयारी माल निघायच्या आधीपासून करावी लागते. आज तेवढंच बोलू.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. जीएसटीच्या कायद्यात निर्यातीला 'शून्य दराचा पुरवठा' म्हणतात. करमुक्त आणि शून्य दराचा, हे दोन शब्द ऐकायला सारखे वाटतात, पण फरक मोठा आहे. करमुक्त वस्तू गावात विकली की तिच्यावर कर लागत नाही, पण ती बनवताना तुम्ही पिशवीवर, खोक्यावर, वाहतुकीवर जो कर दिलात तो तुमच्याच अंगावर पडतो. शून्य दरात विक्रीवरही कर नाही आणि खरेदीवर भरलेला करही परत मागता येतो. आपला माल परदेशात आपल्या देशाचा कर अंगावर घेऊन जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

हा कर परत घ्यायच्या वाटा दोन आहेत. पहिली वाट अशी, की माल पाठवताना बिलावर एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी, लावायचा, तो सरकारला भरायचा आणि माल देशाबाहेर गेला की भरलेला सगळा कर परत घ्यायचा. दुसरी वाट हमीपत्राची. इंग्रजीत लेटर ऑफ अंडरटेकिंग, सगळे त्याला एलयूटी म्हणतात. यात आपण सरकारला लिहून देतो की हा माल कर न भरता पाठवतोय, तो मुदतीत देशाबाहेर जाईल, नाही गेला तर व्याजासकट कर भरू. मग विक्रीवर कर भरायचाच नाही, फक्त खरेदीवर भरलेला कर परत मागायचा.

कोणती वाट बरी, ते आकड्यांवरूनच कळेल. एक गट धरू. कापडी पिशव्या शिवतो, जीएसटी नोंदणी आहे, विवरणपत्र तीन महिन्यांतून एकदा भरतो. जर्मनीत दुकान चालवणाऱ्या एका मराठी बाईंनी पिशव्या मागवल्या. बिल झालं 3 लाख 15 हजारांचं. त्यात 15 हजार विमानभाडं आणि विमा, म्हणजे नुसत्या मालाची, विमानात चढेपर्यंतची किंमत 3 लाख. हिला एफओबी किंमत म्हणतात. त्याच तिमाहीत गटाने जिल्ह्याच्या बाजारात 1 लाखाच्या पिशव्या विकल्या. पिशवीवर 5 टक्के कर धरू.

आता खरेदी. कापड 1 लाख 60 हजारांचं, त्यावर 5 टक्क्यांनी 8 हजार कर. दोरा, लेबलं वगैरे 20 हजारांची, त्यावर 1 हजार. क्लिअरिंग एजंट आणि माल पोचवणाऱ्यांचं बिल 20 हजार, त्यावर 18 टक्क्यांनी 3 हजार 600. झाले 12 हजार 600. शिवाय याच तिमाहीत एक मोठं शिवणयंत्र घेतलं, त्यावरचा कर 3 हजार. म्हणजे पोर्टलवरच्या गटाच्या जमाखात्यात एकूण 15 हजार 600 रुपये कर जमा दिसतो. त्यातून बाजारातल्या विक्रीवरचा 5 हजार कर वळता केला. उरले 10 हजार 600.

पहिल्या वाटेने गेलो तर निर्यातीच्या 3 लाख 15 हजारांवर 5 टक्के, म्हणजे 15 हजार 750 रुपये कर भरायचा. जमाखात्यात आहेत 10 हजार 600. राहिलेले 5 हजार 150 रुपये रोख, गटाच्या खिशातून. नंतर सगळे 15 हजार 750 बँकेत परत येतात हे खरं, पण येईपर्यंत ती रोकड अडकली. पुढच्या मालासाठी कापड घ्यायचं असतं तेव्हा हे पाच हजारसुद्धा फार वाटतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वाटेने, हमीपत्रावर गेलो तर रोख काहीच भरायचं नाही. फक्त परतावा मागायचा. तो किती मिळेल, याचं एक गणित नियमात दिलंय. निर्यातीची उलाढाल घ्यायची, तिला खरेदीवरच्या कराने गुणायचं आणि एकूण उलाढालीने भागायचं. यात दोन खुट्टे आहेत. खरेदीवरच्या करात यंत्रसामग्रीवरचा कर धरायचा नाही, फक्त कच्चा माल आणि सेवा धरायच्या. आणि निर्यातीची किंमत म्हणून बिलावरची आणि शिपिंग बिलावरची एफओबी, यांतली जी कमी असेल ती घ्यायची. म्हणून इथे 3 लाख. 3 लाख गुणिले 12 हजार 600, भागिले 4 लाख. उत्तर येतं 9 हजार 450.

पण एवढ्यावर थांबायचं नाही. हे उत्तर, त्या तिमाहीचं विवरणपत्र भरल्यावर खात्यात उरलेली शिल्लक आणि अर्ज करायच्या दिवशीची शिल्लक, या तिन्हींत जे सगळ्यांत कमी तेवढाच परतावा मिळतो. आपल्याकडे शिल्लक 10 हजार 600 आहे, गणित 9 हजार 450 सांगतं, तर 9 हजार 450 मिळतील. उरलेले 1 हजार 150 कुठे जात नाहीत, पुढच्या बाजारातल्या विक्रीवरच्या करात वळते होतात.

बारकाईने बघितलं तर पहिल्या वाटेत यंत्रावरचा करसुद्धा मोकळा होऊन हातात आला, दुसऱ्या वाटेत तो आला नाही. म्हणून ज्या तिमाहीत मोठी यंत्रं घेतली आणि हातात थोडी रोकडही आहे, तिथे पहिल्या वाटेचा विचार करायला हरकत नाही. एरवी छोट्या गटाने हमीपत्राचीच वाट धरावी, असं आमचं मत आहे. पैसा आधी देऊन मग वाट बघण्यापेक्षा, न देता वाट बघणं बरं.

आता हमीपत्र काढायचं कसं? जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन करून `Services`, मग `User Services`, मग `Furnish Letter of Undertaking (LUT)` इथे जायचं. फॉर्मचं नाव आरएफडी-11. फी नाही. कुठलं आर्थिक वर्ष ते निवडायचं, छापील हमी वाचून त्यापुढे खुणा करायच्या आणि दोन साक्षीदारांची नावं, व्यवसाय, पत्ते भरायचे. साक्षीदार गटातल्याच नकोत, बाहेरच्या, ओळखीच्या, भरवशाच्या असाव्यात. शाळेतल्या बाई, दुकानदार, कुणीही चालेल. उत्पादक कंपनी असेल तर डिजिटल सही लागते, एकटीच्या नावावरचा धंदा असेल तर मोबाइलवरच्या ओटीपीने काम होतं. मग एक नंबर मिळतो, त्याला एआरएन म्हणतात. तो वहीत लिहा, पावती छापून ठेवा. हमीपत्र मंजूर करून घ्यायला कुठल्याही कार्यालयात जावं लागत नाही. अडीच कोटींपेक्षा जास्त कर बुडवल्याचा खटला ज्याच्यावर झालाय, त्याला ही सोय नाही. आपल्यापैकी कुणाला त्याची काळजी नसावी!

हमीपत्र एका आर्थिक वर्षापुरतं असतं. 31 मार्चला ते संपतं, आपोआप पुढे चालत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माल निघणार असेल तर मार्चमध्येच पुढच्या वर्षाचं भरून ठेवायचं. समजा राहिलंच आणि माल गेला, तरी घाबरून कर भरत बसू नका. उशिरा दिलेलं हमीपत्र मागच्या तारखेपासून धरून घ्यायची मुभा आहे, पण त्यासाठी अधिकाऱ्यांना कारण लिहून द्यावं लागतं आणि त्यात वेळ जातो. त्यापेक्षा पाडव्याच्या आसपास हे काम आटपायची सवय लावलेली बरी.

एक राहिलं. माल वर्षाला चाळीस लाखांचा नाही म्हणून नोंदणीच केली नाही, असं काही गट सांगतात. करपात्र मालाच्या निर्यातीला ती सूट लागत नाही. कायदा निर्यातीला राज्याबाहेरची विक्री समजतो, त्यामुळे पहिल्या पार्सलपासून नोंदणी हवी. आणि कंपोझिशन योजनेत असाल, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरून मोकळे होत असाल, तर निर्यात करता येत नाही. आधी नेहमीच्या नोंदणीत यावं लागतं. आयात-निर्यातीचा कोड, आयईसी, हाही लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाचशे रुपयांत मिळतो आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती तपासून पक्की करावी लागते. पापडासारखा करमुक्त माल पाठवणाऱ्यांना हमीपत्राची गरज नाही, पण नोंदणी असेल तर पिशव्या-खोक्यांवरचा कर त्यांनाही परत मागता येतो. हे फार जणींना ठाऊक नसतं.

आता मालाचं बिल. त्यावर कर शून्य दाखवायचा आणि हमीपत्रावर, एकात्मिक कर न भरता निर्यातीसाठी पुरवठा, अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापायची. एजंटला हमीपत्राची पावती बिलासोबतच द्या आणि त्याने भरलेलं शिपिंग बिल माल निघायच्या आधी मागून वाचा. त्यात हमीपत्रावर की कर भरून, अशी एक खूण असते. एजंट सवयीने 'कर भरून' अशी खूण करतो आणि मग आपला कागद एक सांगतो, कस्टमचा कागद दुसरं. ते दुरुस्त करायला कस्टममध्ये अर्ज करत बसावं लागतं. ती खूण आधी बघायला दोन मिनिटं लागतात.

बिलाची तारीखही जपून टाका. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. नाही गेला, तर पुढच्या 15 दिवसांत त्यावरचा कर वर्षाला 18 टक्के व्याजासह भरावा लागतो. काही गट मागणी आली की आनंदाने त्याच दिवशी बिल फाडतात, मग शिवायला दोन महिने, मध्ये लग्नसराई, मध्ये सुगी. मागणीच्या दिवशी कोटेशन द्या, बिल मात्र माल बांधून तयार झाल्यावरच करा.

माल गेल्यावर विवरणपत्रात तो योग्य ठिकाणी दाखवायचा. जीएसटीआर-1 मध्ये निर्यातीसाठी 6ए हा वेगळा तक्ता आहे. तिथे 'कर न भरता' हा प्रकार निवडून बिल नंबर, शिपिंग बिलाचा नंबर, तारीख आणि बंदराचा सहा अक्षरी कोड टाकायचा. मुंबईच्या सहार विमानतळावरून गेला असेल तर `INBOM4`, न्हावा शेवावरून जहाजाने गेला असेल तर `INNSA1`. आपल्या बिलाचा नंबर शिपिंग बिलात जसा आहे तसाच इथे हवा, मधली आडवी रेघसुद्धा सुटता कामा नये. जीएसटीआर-3बी मध्ये निर्यात 3.1 च्या 'बी' ओळीत जाते. घाईघाईत ती 'ए' ओळीत साध्या विक्रीत किंवा 'सी' ओळीत करमुक्त विक्रीत टाकली जाते आणि मग परताव्याच्या अर्जात आकडे जुळत नाहीत. तुमचं विवरणपत्र कर सल्लागार भरत असतील तरी भरल्यावर त्यांच्याकडून ती प्रत घ्या आणि ही एक ओळ स्वतः बघा. फारसं इंग्रजी न येणारीलाही आकडा कुठल्या ओळीत आहे ते कळतं.

यात सगळ्यांत मोठा धोका मात्र आपल्या हातात नाही, तो कापडवाल्याच्या हातात आहे. आपण कर दिला आणि बिल घेतलं, एवढ्याने भागत नाही. कापडवाल्याने ते बिल आपल्या नोंदणी नंबरासह त्याच्या विवरणपत्रात भरलं, तरच ते आपल्या जीएसटीआर-2बी या यादीत उतरतं. यादीत नसेल तर तो कर जमाही होत नाही आणि परतही मिळत नाही.

आपल्याच गटाचं बघू. समजा कापडवाल्याने विवरणपत्र भरलं नाही. 8 हजार गेले. उरले कच्च्या मालाचे आणि सेवांचे 4 हजार 600 आणि यंत्राचे 3 हजार, मिळून 7 हजार 600. बाजारातल्या विक्रीचे 5 हजार वळते केले, शिल्लक 2 हजार 600. गणिताने येतात 3 लाख गुणिले 4 हजार 600 भागिले 4 लाख, म्हणजे 3 हजार 450. दोन्हींत कमी 2 हजार 600. साडेनऊ हजारांच्या जवळ येणारा परतावा अडीच हजारांवर आला, एका दुकानदाराच्या आळसाने.

त्याने पुढच्या तिमाहीत भरलं तर ते 8 हजार तेव्हा जमा होतात. पण त्या तिमाहीत निर्यातच नसेल तर? गणितात निर्यातीच्या जागी शून्य, उत्तरही शून्य. अशा वेळी दोन सलग तिमाह्यांचा एकत्र अर्ज करता येतो, म्हणजे निर्यात आणि तिचा कर एकाच अर्जात येतात. म्हणून घाईने पहिल्या तिमाहीचा अर्ज टाकायच्या आधी 2बीची यादी बिलांच्या फायलीशी एकेक करून ताडून बघा. जे बिल दिसत नाही, त्या दुकानदाराला लगेच फोन करा. आणि कापडवाल्याला सगळे पैसे देऊन टाकण्याऐवजी, कराएवढी रक्कम बिल 2बीत दिसल्यावर देईन, असं आधीच बोलून ठेवा. नेहमीचा दुकानदार ऐकतो. जो ऐकतच नाही, त्याच्याकडून निर्यातीचं कापड घेऊ नये, असं आम्ही तरी सांगतो, दोन रुपये मीटरमागे स्वस्त मिळत असलं तरी.

परताव्याचा अर्ज आरएफडी-01, तोही पोर्टलवरच. खरेदीवरचा जमा कर, कर न भरता निर्यात, हा प्रकार निवडायचा. मग स्टेटमेंट 3 मध्ये प्रत्येक निर्यात बिल, त्याचं शिपिंग बिल, एफओबी किंमत आणि माल खरंच देश सोडून गेल्याची विमान किंवा जहाज कंपनीने केलेली नोंद, म्हणजे ईजीएमचा नंबर, हे भरायचं. हा नंबर एजंटकडून मिळतो. त्याच्या बिलाचे शेवटचे पैसे देताना तो मागून घ्या, नंतर फोन उचलला जात नाही. सोबत खरेदीच्या बिलांची यादी, अनेक्शर बी, जोडायची. अर्ज गेला की मागितलेली रक्कम जमाखात्यातून लगेच वजा होते. ते बघून दचकू नका. अर्जात त्रुटी निघून परत आला तर ती पुन्हा खात्यात येते आणि नवा अर्ज करावा लागतो.

अर्ज पोचल्यावर 15 दिवसांत कार्यालयाकडून पोच येते किंवा त्रुटीचा मेमो येतो. दोन्ही पोर्टलवरच येतात, पोस्टाने नाही, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघत जा. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत निकाल लागून पैसे मिळायला हवेत. त्याहून उशीर झाला तर वर्षाला 6 टक्के व्याज आपल्याला मिळतं. माल देश सोडून गेल्यापासून दोन वर्षांत अर्ज केला पाहिजे, त्यानंतर हक्क गेला. आणि एक हजार रुपयांच्या आतला परतावा देत नाहीत. हा हजार केंद्राचा कर आणि राज्याचा कर यांना वेगवेगळा लागतो. म्हणून अगदी छोटी पार्सलं पाठवणाऱ्यांनी दोन-तीन तिमाह्या साठवून एकदाच अर्ज करावा, फक्त ती दोन वर्षांची मुदत नजरेआड होऊ देऊ नये.

शेवटी परदेशातून येणारा पैसा. तो बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या मुदतीत यायला हवा. परतावा मिळून गेला पण ग्राहकाने पैसेच पाठवले नाहीत, तर मुदत संपल्यावर 30 दिवसांत तो परतावा व्याजासह सरकारला परत करावा लागतो. नातलगाच्या खात्यातून किंवा कुणी गावी येताना रोख आणून दिलेले पैसे इथे मोजले जात नाहीत. जर्मनीतल्या त्या बाई दिवाळीला माहेरी आल्या आणि पाकीट पुढे केलं, तर चहा द्या, फराळ द्या, पण पैसे बँकेतूनच पाठवा म्हणून सांगा. पैसे जमा झाले की बँकेकडून कुठल्या बिलाचे किती आले याचा दाखला घ्या आणि तो त्या बिलाला, शिपिंग बिलाला आणि हमीपत्राच्या पावतीला एकाच टाचणीने लावून ठेवा.